पाहुणे सात, खुर्च्या पंधरा, चहा सतरा

कार्यालयांतून अ‍ॅडमिन विभागाकडे जाणारा एक ठरलेला मेल असतो: ‘गुरुवारी जपानहून डेलिगेशन येत आहे. कृपया मीटिंग रूम, प्रोजेक्टर आणि चहा-नाश्त्याची व्यवस्था करावी.’ पाठवणाऱ्याला वाटतं, सगळं कळवून झालं. अ‍ॅडमिनमधल्या माणसाच्या मनात मात्र त्याच क्षणी प्रश्नांची रांग लागते. किती जण? किती ते किती? नाश्ता की जेवण? विचारायला फोन करावा, तर मेल पाठवणारे साहेब मीटिंगमध्ये असतात.

चाकण एमआयडीसीतला सुट्या भागांचा एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणू. पाहुणे सहा, त्यांच्यासोबत एक दुभाषी, यजमानांकडून आठ जण. म्हणजे खोलीत खुर्च्या पंधरा. बाहेर दोन गाड्यांचे चालक तीन-चार तास थांबणार, म्हणजे चहा-नाश्ता सतरा जणांचा. विनंतीत हे दोन आकडे वेगवेगळे लिहावे लागतात, आणि नेमके तेच बहुतेक जण लिहीत नाहीत. ‘सहा पाहुणे’ एवढंच वाचून कँटीनवाला दहा प्लेट पाठवतो, आणि मग यजमानांपैकी निम्मे जण ‘मी सकाळी खाऊन आलोय’ असं हसत सांगत बसतात.

वेळेचं गणित तर दुभाषी पार बदलून टाकतो. वक्ता दोन वाक्यं बोलून थांबतो, दुभाषी ती जपानीत सांगतो, मग पुढची दोन. म्हणून वीस मिनिटांचं सादरीकरण चाळीस मिनिटं चालतं. दोन्ही बाजूंची मिळून चाळीस मिनिटांची सादरीकरणं आणि अर्ध्या तासाची चर्चा, असा सत्तर मिनिटांचा कार्यक्रम कागदावर दीड तासात आटोपशीर बसतो. प्रत्यक्षात तो एकशे चाळीस मिनिटांवर जातो. त्यात चहाची पंधरा मिनिटं धरली, तर दहाला सुरू झालेली बैठक साडेबाराच्या पुढे उठते. आणि खोली साडेअकरापर्यंतच घेतलेली असेल, तर पर्चेसवाले दाराच्या काचेतून डोकावायला लागतात. त्यांची काय चूक? त्यांनीही रीतसर बुकिंग केलेलं असतं. म्हणून खोली नऊपासून दीडपर्यंत मागावी आणि बैठकीची वेळ वेगळी लिहावी. आधीचा तास मांडणी आणि प्रोजेक्टरच्या चाचणीसाठी लागतो.

प्रोजेक्टरच्या बाबतीत ‘प्रोजेक्टर हवा’ हे दोन शब्द पुरत नाहीत. पाहुण्यांच्या लॅपटॉपला कुठला पोर्ट आहे, हा खरा प्रश्न. खोलीतली वायर बहुधा एचडीएमआय असते. नव्या पातळ लॅपटॉपला अनेकदा फक्त यूएसबी-सी असतो, आणि प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर येतंच असं नाही. काही पोर्ट नुसते चार्जिंग आणि फाइलींपुरते असतात. तिथे साधा अडॅप्टर लावून पडद्यावर काहीच उमटत नाही, आणि दोष मात्र बिचाऱ्या प्रोजेक्टरला लागतो. पेन ड्राइव्हवरून फाइल घ्यावी म्हटलं, तर बऱ्याच कंपन्यांत आयटी विभागाने यूएसबी बंद करून ठेवलेले असतात. सरळ मार्ग म्हणजे पाहुण्यांची फाइल आदल्या दिवशी मेलवर मागवावी आणि यजमानांच्याच लॅपटॉपवर उघडून पाहावी. जपानी अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील तर फॉन्टचा घोळ आहे असं समजावं आणि त्याच फाइलची पीडीएफ मागावी.

आता गुरुवार. पुणे परिसरात देखभाल-दुरुस्तीसाठी वीज किंवा पाणी बंद ठेवायचं, तर बऱ्याचदा गुरुवारच निवडला जातो. कारखान्यात जनरेटर असतो, पण तो भार घेईपर्यंत काही सेकंद जातात. तेवढ्यात दिव्याचा प्रोजेक्टर बंद पडतो, आणि लगेच पुन्हा सुरू होत नाही. तापलेला दिवा थोडा निवल्याशिवाय तो पेटत नाही, म्हणून पंधरा माणसं निळ्या-काळ्या पडद्याकडे पाहत काही मिनिटं बसून राहतात. लेझर प्रोजेक्टरला ही अडचण सहसा नसते. दिव्याचा असेल तर तो यूपीएसवर जोडून द्या, असं एक वाक्य विनंतीत घालावं. इलेक्ट्रिशियनचं ते दहा मिनिटांचं काम आहे.

जपानी चार्जरला दोन चपट्या पिना असतात. आपल्या गोल भोकांच्या सॉकेटमध्ये त्या जात नाहीत. व्होल्टेजची काळजी सहसा नसते, कारण लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. पण सगळ्या प्रकारच्या पिना बसतील असे दोन एक्स्टेन्शन बोर्ड टेबलावर लागतात. वाय-फायचीही अशीच गंमत. पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कचा ओटीपी भारतीय मोबाइल क्रमांकावरच येत असेल, तर टोकियोचं सिमकार्ड घेऊन आलेला माणूस काय करणार? आयटीकडून पासवर्ड आधीच छापून घ्यावा.

खाण्याबद्दल ‘व्हेज की नॉनव्हेज’ एवढंच विचारायची आपली सवय. खरा धोका शेंगदाण्यांचा. काहींना त्यांची गंभीर अ‍ॅलर्जी असते, आणि आपल्याकडे पोह्यांत शेंगदाणे, खिचडीत कूट, सुक्या चटणीतही कूट. कूट नुसतं पाहून ओळखू येत नाही, म्हणून पाहुण्यांना आधीच विचारावं आणि कँटीनला लेखी कळवावं. यजमानांतही कुणी जैन असतो, त्याला बटाटेवडा चालत नाही. कुणाचा गुरुवारचा उपवास असतो. चहा आपल्याकडे दूध-साखर घालून उकळूनच येतो. पाहुण्यांसाठी गरम पाण्याचा थर्मास, ग्रीन टीच्या पिशव्या, दूध आणि साखर वेगळी ठेवली की प्रश्न मिटतो. कप स्टीलचे किंवा चिनी मातीचे मागावेत. थर्माकोलच्या आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या कपांवर महाराष्ट्रात २०१८पासून बंदी आहे.

हे सगळं लिहायला लांबलचक पत्र लागत नाही. असा मेल पुरेसा होतो:

‘गुरुवारी सकाळी १० ते १ जपानी पाहुण्यांसोबत बैठक आहे. पहिल्या मजल्यावरची मोठी खोली ९ ते १.३० हवी आहे. खुर्च्या १५, यू आकारात. दुभाष्याची खुर्ची पाहुण्यांच्या प्रमुखांशेजारी. प्रोजेक्टर यूपीएसवर, एचडीएमआय वायर, यूएसबी-सी अडॅप्टर, दोन एक्स्टेन्शन बोर्ड. बुधवारी ४ वाजता आम्ही येऊन चाचणी घेऊ. चहा-नाश्ता १७ जणांचा, ११ वाजता. त्यातले २ चालकांसाठी गेटवर. कशातही शेंगदाणे किंवा कूट नको. १ जैन, १ उपवास. पाहुण्यांची नावं आणि लॅपटॉपचे क्रमांक गेटपाससाठी सोबत जोडले आहेत. खर्च मार्केटिंगच्या खात्यावर, साहेबांची मंजुरी जोडली आहे. काही अडलं तर फक्त मला फोन करावा.’

यातलं शेवटचं वाक्य अनेकांना फालतू वाटतं. पण एकाने नाश्ता अकराला सांगायचा, दुसऱ्याने साडेदहाला, आणि तिसऱ्याने परस्पर समोसे वाढवायचे, हे प्रकार त्याच एका वाक्याने थांबतात.

गेटपासचं काम तर आधीच व्हायला हवं. लॅपटॉपचा क्रमांक सुरक्षारक्षकाच्या नोंदवहीत नसेल, तर जाताना तो बाहेर सोडताना अडतो, आणि विमानतळाची वेळ झालेल्या पाहुण्यांना फाटकापाशी ताटकळावं लागतं.

आणि दौरा रद्द झाला तर तेही त्याच मेलच्या उत्तरात, त्याच दिवशी कळवावं. पाहुणे न आलेल्या दिवशी मोठी खोली दीडपर्यंत कुलूपबंद पडून राहते आणि सतरा प्लेट उपमा कँटीनच्या हिशेबात चढतो.