१६ की १०? चौरसाच्या ग्रुपमधून S₃ मध्ये होमोमॉर्फिझम किती?

चौरस उचलून पुन्हा त्याच जागी बसवण्याचे ८ प्रकार आहेत. त्यांच्या ग्रुपला काही पुस्तकांत D₄ म्हणतात, काहींत D₈. हे आठही प्रकार दोन हालचालींतून तयार होतात: पाव फेरी r आणि पालथे करणे s. नियम तीनच: r⁴ = 1, s² = 1, (sr)² = 1.

म्हणून r आणि s कुठे पाठवायचे ते ठरवले की होमोमॉर्फिझम पूर्ण ठरतो. फक्त हे तिन्ही नियम तिकडेही टिकले पाहिजेत.

तीन अक्षरांच्या जागा बदलण्याचे, म्हणजे S₃ चे, घटक ६: काहीच न बदलणारा e, दोघांची अदलाबदल करणारे (12), (13), (23) आणि तिघांना फिरवणारी चक्रे (123), (132). चक्र चारदा केले तरी e मिळत नाही, दोनदा केले तरी नाही. त्यामुळे r आणि s दोघांसाठीही चक्रे बाद. (r ची प्रतिमा चार पावलांतच e वर यावी असे मात्र नाही, दोन पावलांतही चालते.) उरले चार-चार पर्याय. इथेच १६ लिहून मोकळे होण्याचा मोह होतो, पण तिसरा नियम अजून तपासलेला नाही.

r ला e वर पाठवले, तर तिसरा नियम s² = 1 एवढाच उरतो; s चे चारही पर्याय चालतात. r ला (12) वर पाठवले, तर s साठी e आणि (12) चालतात. (13) घेतला, तर (13) आणि (12) चा गुणाकार चक्र होतो आणि त्याचा वर्ग e येत नाही. (23) चेही तसेच. बाकी दोन अदलाबदलींसाठीही दोन-दोनच पर्याय.

एकूण 4 + 3 × 2 = 10.