जुलाबाआड दडलेला खडा

चार दिवस आजींना जुलाब होत होते. दिवसातून पाच-सहा वेळा, पातळ, थोडंथोडं, आणि बरेचदा कळायच्या आत गाऊन खराब. सुनेनं आधी भाताची पेज दिली, मग दहीभात, मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणली. पाचव्या दिवशी पोट ढोलासारखं ताणलं, लघवी अडली आणि रात्री आजी मुलाला ‘दादा’ म्हणून हाका मारू लागल्या. त्यांचा दादा जाऊन वीस वर्षं झाली होती. सगळ्यांना वाटलं, डोक्यात काहीतरी झालं. डॉक्टरांनी हातमोजा घातला, जेली लावली आणि गुदद्वारातून बोटानं तपासलं. दोन मिनिटांत उलगडा झाला. जुलाब नव्हतेच. आत मळाचा खडा अडकून बसला होता.

७८ वर्षांच्या या आजी कोणत्याही गावातल्या असू शकतात. वृद्धांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हे चित्र चांगलंच ओळखीचं असतं. घरच्यांना मात्र ते पहिल्यांदा दिसतं तेव्हा हमखास उलटं कळतं. खडा वाट अडवून बसतो आणि त्याच्या मागे साचलेला पातळ मळ कडेच्या फटीतून झिरपत राहतो. पाणी तुंबलेल्या मोरीत बोळ्याच्या कडेनं धार लागावी, तसं. वरून दिसतात जुलाब, आतून असते बद्धकोष्ठता. त्यावर जुलाब थांबवायची गोळी दिली की आतड्याची उरलीसुरली हालचालही मंदावते आणि कोंडी आणखी पक्की होते. भरलेलं गुदाशय पुढच्या मूत्राशयावर आणि मूत्रमार्गावर दाब देतं, म्हणून लघवी अडते. आणि वय झालेल्या मेंदूला शरीरातला असा त्रास झेपला नाही की माणूस भ्रमिष्टासारखा बोलायला लागतो. आजींचा दादा तिथून आला होता.

गोष्ट खरी सुरू झाली सात आठवड्यांपूर्वी, ओल्या बाथरूममध्ये. पाय घसरला, घोट्याचं हाड मोडलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर. तोवर आजी रोज देवळापर्यंत चालत जायच्या, फुलं आणायच्या, निवडण-टिपण करायच्या. ते सगळं एका दिवसात बंद झालं. कॉट, खिडकी आणि टीव्ही एवढंच उरलं.

लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात दिवसाला साधारण एक ते दीड लिटर पातळ ऐवज येतो. मोठं आतडं त्यातलं बहुतेक पाणी शोषून घेतं आणि उरलेलं पुढे ढकलत नेतं. हा प्रवास जितका रेंगाळेल, तितकं पाणी जास्त शोषलं जातं आणि मळ तितका सुका, कडक होतो. चालण्या-फिरण्यानं आतड्यालाही चालना मिळते. माणूस आडवा पडला की आतडंही सुस्तावतं. शिवाय कुंथायला पोटाचे स्नायू लागतात आणि ते पडून राहिल्यावर भराभर अशक्त होतात. चार दिवस शौचाला झालं नाही तरी आजी काही बोलल्या नाहीत. कॉटशेजारी कमोडची खुर्ची, पडदा नाही, बाहेरच्या खोलीत नातवाचे मित्र. कळ आली की त्या दाबून ठेवायच्या. दाबलेली कळ काही वेळानं विरते. असं वारंवार झालं की गुदाशय भरल्याची जाणीवच बोथट होते.

डॉक्टरांनी मग गोळ्यांचा डबा मागवला. पेशंटला न बघता एकवेळ चालेल, पण हा डबा बघितल्याशिवाय म्हाताऱ्या माणसाच्या बद्धकोष्ठतेवर औषध लिहू नये, असं म्हटलं तर ते फार वावगं ठरणार नाही. डब्यात होतं ट्रॅमाडॉल, दुखण्यासाठी. अफूच्या घराण्यातल्या या वेदनाशामकांची गुंगी काही दिवसांत अंगवळणी पडते, पण आतड्यावरचा ब्रेक तसाच राहतो. त्याशिवाय हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाची गोळी, हाडासाठी कॅल्शियम, रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन आणि मधे सर्दी झाली तेव्हा सुरू केलेली, पुढे कुणी बंद न केलेली सर्दीची गोळी. ही प्रत्येक गोळी पोट कमीअधिक धरते. एकेकटीनं कदाचित काही झालं नसतं. पाची एकत्र आल्या. डॉक्टर वेगवेगळे, चिठ्ठ्या वेगवेगळ्या, आणि सगळ्यांची बेरीज कुणी केलेलीच नाही. आम्लपित्तासाठीची ॲल्युमिनियमयुक्त औषधं, नैराश्यासाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलं जाणारं ॲमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवी लागते म्हणून दिलेल्या काही गोळ्या, हीदेखील याच रांगेतली.

तिसरी गोष्ट पाणी. उतारवयात तहान कमी लागते. शरीराला पाणी हवं असलं तरी घसा तसं सांगत नाही. पण आजींचं कारण निराळं होतं. प्लास्टरचा पाय घेऊन रात्री लघवीला उठायचं म्हणजे सुनेला हाक मारायची. ‘कशाला तिची झोप मोडू,’ म्हणून दुपारपासूनच त्यांनी पाणी तोडलं होतं. दिवसभरात दोन कप चहा आणि गोळ्यांबरोबरचे चार घोट. अनेक घरांत म्हाताऱ्या माणसांच्या कमी पाणी पिण्यामागे असाच संकोच असतो, आणि ‘पाणी पीत जा हो’ असं दिवसातून दहा वेळा सांगून तो जात नाही.

उपचाराचा क्रमही महत्त्वाचा ठरला. आधी खडा काढायचा, मग बाकी सगळं. वरून जोरदार जुलाबाचं औषध देऊन खालचं दार बंद ठेवलं, तर पोटात नुसते मुरडे येतात. डॉक्टरांनी खडा बोटानं हळूहळू फोडून काढला आणि एनिमा दिला. लघवी त्याच संध्याकाळी मोकळी झाली. पुढचे काही दिवस पॉलिइथिलिन ग्लायकॉलची पावडर, १७ ग्रॅम एक ग्लास पाण्यात. ही पावडर आतड्यात पाणी धरून ठेवते आणि मळ मऊ करते. लॅक्ट्युलोजचं गोड सिरपही याच जातीचं; त्याचा गुण यायला एक-दोन दिवस लागतात आणि सुरुवातीला पोटात गॅस धरतो. पहिल्या सकाळी काही झालं नाही म्हणून डोस दुप्पट करणाऱ्या घरांत तिसऱ्या दिवशी खरेखुरे जुलाब लागतात.

डब्याची फेररचना झाली. दुखणं आता पॅरासिटॅमॉलवर भागत होतं, म्हणून ट्रॅमाडॉल थांबवलं. सर्दीची गोळी गेली. लोह एक दिवसाआड झालं. रक्तदाबाची गोळी तशीच ठेवली, कारण ती आपल्या मनानं बंद करणं बद्धकोष्ठतेपेक्षा महागात पडलं असतं.

पाण्यासाठी सुनेनं काढलेली तोड साधी होती. एक लिटरचा तांब्या सकाळी भरून उशाशी ठेवायचा आणि संध्याकाळी सहाच्या आत तो रिकामा करायचा. चहा, ताक, आमटी, पेज धरून दिवसाचं दीड लिटर होतं आणि रात्री उठावं लागत नाही. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून सांगितलं आहे, त्यांनी मात्र हा तांब्या डॉक्टरांना विचारूनच भरावा. आणखी एक: शरीरात पाणी पुरेसं असेल तर वर आणखी चार ग्लास रिचवून मळ मऊ होत नाही, ते लघवीवाटे निघून जातं. कमी पडतंय तिथेच पाण्याचा उपयोग होतो.

नाश्ता पोटात गेला की मोठ्या आतड्यात हालचालीची एक लाट उठते. सकाळी ती सर्वांत जोरदार असते. म्हणून चहा-नाश्त्यानंतर वीसेक मिनिटांनी, कळ असो-नसो, दहा मिनिटं कमोडवर बसायचं. त्याहून जास्त नाही. दार लोटलेलं, घाई नाही, मोबाइल नाही. प्लास्टर निघाल्यावर पायाखाली टेकू आला. उकिडवं बसण्यात मोठी सोय असते: गुदाशयाला मागून आवळून धरणारा स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते. कमोडवर, त्यातून उंच कमोडवर, पाय लोंबकळतात आणि ही सोय जाते. घरातला पाट यासाठी बुटका पडतो. सहा ते आठ इंच उंचीचा, खाली रबर लावलेला चौरंग ठेवला, गुडघे कमरेपेक्षा वर आले आणि कोपरं मांड्यांवर टेकवून किंचित पुढे झुकलं की कुंथावं लागत नाही. जोर लावून कुंथताना रक्तदाब एकदम खाली येऊन म्हातारी माणसं संडासात चक्कर येऊन पडतात, म्हणूनही हे महत्त्वाचं. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर इतकं वाकू नये. तिथे सर्जनचा शब्द अखेरचा.

खाण्यात आजींची अडचण कवळीची होती. ती सैल झाल्यापासून ताटात मऊ भात, साबुदाणा आणि चहा-बिस्किटं एवढंच यायचं, म्हणजे चोथ्याच्या नावानं शून्य. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून, पिकलेली पपई, भिजवलेली अंजिरं, शिजवलेला दुधी, पालेभाजी असं एकेक करत ते वाढवलं. एकदम वाढवलं असतं तर पोट फुगलं असतं.

इसबगोलाबद्दल मात्र घरोघरी गैरसमज आहे. तो पाणी पिऊन फुगतो, हाच त्याचा गुण. चमचाभर इसबगोल दोन घोट पाण्याबरोबर घेतला, तर तो आतलं पाणी ओढून स्वतःच अडकू शकतो. पूर्ण ग्लासभर पाणी, बसून, आणि झोपायच्या तोंडावर नाही, असा त्याचा नियम. जो अंथरुणाला खिळला आहे, पाणी पीत नाही, किंवा ज्याच्या आत आधीच खडा आहे, त्याला तो देऊच नये. आजींना पहिल्या महिन्यात सुनेनं प्रेमानं तोच दिला होता. एरंडेलाचा जुना रिवाज या वयात नको. पोटात कळा येऊन एकदम पाणी जातं. सोनामुखी किंवा तिची चूर्णं रात्री घेतली की सकाळी काम करतात, पण ती अधूनमधून, विचारून. पांढऱ्या दुधट औषधांतलं मॅग्नेशियम मूत्रपिंड अशक्त असलेल्यांच्या रक्तात साठतं. आणि लिक्विड पॅराफिन पडून पिताना श्वासनलिकेत गेलं तर फुफ्फुसाला सूज येते.

काही खुणा दिसल्या तर घरगुती उपाय करत बसू नये: मळातून रक्त, वजन घटणं, काही आठवड्यांत अचानक बदललेली सवय, पोट फुगून उलट्या आणि वाराही न सरणं. लोहाच्या गोळीनं मळ काळपट होतो, ते चालतं. डांबरासारखा चिकट, काळा आणि उग्र वासाचा असेल तर ते रक्त असू शकतं.

सुनेनं कालनिर्णयवर खुणा करायला सुरुवात केली. झालं तर बरोबरची खूण, नाही तर रिकामा चौकोन, खडे-खडे असेल तर बारीक ठिपके. पहिल्या आठवड्यात ठिपके जास्त होते, तिसऱ्यात एकही नाही. सलग तीन चौकोन रिकामे राहिले की लॅक्ट्युलोजची बाटली बाहेर काढायची, असं डॉक्टरांशी ठरलं आहे. खुणा आता आजी स्वतःच करतात, आणि दूधवाल्याचा हिशेबही त्याच पानावर असल्यामुळे महिनाअखेरीस दोन्हींचा गोंधळ होतो.