फुजी हलता कामा नये

होकुसाईची ती लाट आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिलेली असते. १८३१च्या सुमारास लाकडी ठशांनी छापलेले हे जपानी चित्र जेमतेम २५ बाय ३७ सेंटिमीटरचे. फेसाची नखे उगारलेली लाट, तिच्या तावडीत तीन नावा आणि दूरवर चिमुकला फुजी पर्वत. या चित्रापुढून कॅमेरा हळूच बाजूला सरकतो आहे, असा भास देणारी सहा सेकंदांची रील करण्याचा घाट माझ्या भाच्याने घातला. बँकेतून निवृत्त झालेला मी शेजारी खुर्ची ओढून बसलो.

युक्ती आगगाडीच्या खिडकीतली आहे. रुळांजवळचे खांब भर्रकन मागे पळतात, डोंगर जागचा हलत नाही. त्यासाठी मूळ चित्राच्या मापाचे एक करडे चित्र लागते. जवळचे ते पांढरे, दूरचे ते काळे. याचे नाव डेप्थ मॅप. ‘आफ्टर इफेक्ट्स’मधले ‘डिस्प्लेसमेंट मॅप’ हे साधन त्या छटा वाचून चित्राचे भाग सरकवते. छटा ० ते २५५. मधली १२८ जागेवर राहते. तिच्याहून उजळ भाग एकीकडे सरकतो, गडद भाग उलट दिशेला.

हा नकाशा संगणक अंदाजाने काढून देतो. पण त्याचा सराव मुख्यतः छायाचित्रांवर झालेला. इथे सावल्या नाहीत, सपाट रंग आणि रेघा आहेत. फुजीचे बर्फ पांढरे, लाटेचा फेसही पांढरा. आमच्या नकाशात पर्वत लाटेला येऊन चिकटला! म्हणून नकाशा हातानेच रंगवला. फुजी आणि आकाश १२८, नावा १७०, लाट २२०.

खरी मेख रेघेत होती. छटांची हद्द रेघेवरच पडली, तर अर्धी रेघ लाटेबरोबर जाते, अर्धी आकाशापाशी राहते आणि फेसाची नखे थरथरू लागतात. रेघ नेहमी जवळच्या वस्तूची. म्हणून लाटेचा उजळ रंग रेघेच्या तीन-चार पिक्सेल बाहेर नेला. फेसाचे सुटे थेंब एकेक न कोरता भोवतालच्या आकाशासह एकाच छटेत घेतले. सपाट आकाश थोडे सरकले तरी डोळ्याला कळत नाही.

रील उभी, चित्र आडवे. रुंदीचा तिसऱ्या हिश्शाहून थोडाच अधिक भाग मावतो. आम्ही लाटेचे टोक आणि फुजी ठेवला. डाव्या कोपऱ्यातली चित्रकाराची सही बाहेर राहिली. १०८० पिक्सेलच्या रुंदीत लाट दोन्हीकडे बारा-बारा पिक्सेल सरकते, टोकांशी मंदावते आणि जिथून निघाली तिथेच परतते.

भाच्याने हौसेने चाळीस करून पाहिले. फेस रबरासारखा ताणला गेला. जास्त सरकवायचे, तर लाटेमागचे आकाश दाखवावे लागते. आणि ते होकुसाईने काढलेलेच नाही.