सेकंदाला तीन हजार फेरे आणि एक चिरलेला पाईप

एक लिटर डिझेल पुरतं जळायला किमान बारा किलो हवा लागते. हवा किलोत मोजायची आपल्याला सवय नाही, म्हणून आकारात सांगतो. मे महिन्यातल्या वऱ्हाडच्या तापलेल्या, विरळ हवेचे हे जवळपास 11 हजार लिटर होतात, म्हणजे दोनशे लिटरचे चौपन्न ड्रम. एवढ्यावरही भागत नाही. डिझेल इंजिनाला हिशेबापेक्षा बरीच जास्त हवा द्यावी लागते, नाहीतर सायलेन्सरमधून काळा धूर निघतो आणि पैसा देऊन भरलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं.

अंजनगाव सुर्जीहून केळी भरून परतवाडामार्गे घटांग, सेमाडोह, धारणीकडे चढणारी पिकप डोळ्यांपुढे आणा. इंजिन अडीच लिटरचं, चार सिलिंडरचं. घाटात पूर्ण ओढीवर ते मिनिटाला तीन हजार फेरे घेतं आणि टर्बो त्याला बाहेरच्या दुप्पट दाबाची हवा पुरवतो. या घडीला इंजिन सेकंदाला सुमारे 100 लिटर हवा ओढत असतं. दोन सेकंदांत एक ड्रम रिकामा, तासाभरात चार क्विंटल हवा! स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सात-आठ लिटर हवा घेतो. या हिशेबाने त्या बॉनेटखाली आठशे माणसं एका वेळी श्वास घेत असतात.

ही हवा आत ढकलणारं चाक असतं लिंबाच्या रुंदीचं, साधारण 45 मिलिमीटर. ज्या शाफ्टवर ते बसतं, तो पेन्सिलीएवढा. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला तसंच एक चाक असतं आणि इंजिनातून निघालेला सहाशे-सातशे अंशांचा जळका वायू ते फिरवतो. फुकट जाणाऱ्या धुरातून ताकद काढायची ही युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या इंजिनिअराची. त्याचं पेटंट 1905 चं. एवढ्याशा यंत्रात किती ताकद खेळते, याचा मी हिशेब मांडला तेव्हा स्वतःच दोनदा तपासला: हवा दाबायला सुमारे 15 हॉर्सपॉवर. विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या तीन मोटारींचं काम त्या पेन्सिलीएवढ्या शाफ्टमधून जातं.

त्यासाठी तो मिनिटाला 1 लाख 80 हजार फेरे घेतो. सेकंदाला तीन हजार, आणि तासभराच्या घाटात एक कोटीच्या वर. चाकाची कड तेव्हा ताशी दीड हजार किलोमीटरने, म्हणजे आवाजापेक्षाही वेगाने धावत असते. त्या कडेवरच्या एक ग्रॅम धातूला बाहेर ओढणारा जोर आठ क्विंटल वजनाएवढा असतो. हे सगळं तरंगतं तेलाच्या एका थरावर, आणि तो थर केसाच्या जाडीपेक्षाही बारीक असतो.

आता त्या पिकपची गोष्ट. तक्रार अगदी ठरावीक होती. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, गाडी वढतच नाही. घाटात दुसऱ्या गिअरले येऊन जाते, अन् शिट्टी वाजून राह्यली ते येगळीच." एका ठिकाणी त्याला टर्बो गेल्याचं सांगितलं होतं. नवा टर्बो म्हणजे कित्येक हजारांचा खर्च. केळीच्या चार फेऱ्या त्यातच गेल्या असत्या.

गॅरेजातल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी एकच विचारलं, "शिट्टी कव्हा वाजते? उभ्या गाडीत, का वझं घेऊन चढतानी?" उत्तर आलं, "चढतानीच."

या प्रश्नात अर्धं निदान आहे. उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी इंजिनावर भार नसतो. थोडंच डिझेल जळतं, धुरात जोर नसतो आणि टर्बो जेमतेम दाब धरतो. म्हणून गॅरेजच्या दारात रेस करून पाहिलं की सगळं ठीक वाटतं. गळती उघडी पडते ती पूर्ण दाबावर. टर्बोचीच बुश आणि ब्लेड गेली असतील तर सायरनसारखा बारीक आवाज इंजिनाच्या फेऱ्यांसोबत चढतो आणि उतरतो, अगदी बिनवझ्याच्या गाडीतही. सोबत बहुधा निळसर धूर येतो आणि तेल कमी होत जातं. इथे निळा धूर नव्हता. चढावर काळा होता.

स्कॅनर लावला. त्यावर `P0299` हा कोड होता. याचा अर्थ एवढाच, की टर्बोचा दाब हवा तितका भरत नाही. कोड टर्बोचं नाव घेतो म्हणून टर्बोच दोषी ठरवण्याची चूक इथेच होते. दाबाचा सेन्सर इंजिनाकडे जाणाऱ्या पाईपच्या शेवटी बसलेला असतो. तिथे हवा कमी पोहोचली एवढंच त्याला कळतं. वाटेत ती कुठे सांडली, हे तो सांगू शकत नाही. भरल्या गाडीने चढावर पाहिलं तर कंप्युटर 2000 मिलिबार मागत होता आणि मिळत होते 1650. वातावरणाचे हजार त्यात धरलेले असतात, म्हणजे टर्बोकडून मिळणाऱ्या जादा दाबातला तिसरा हिस्सा गायब होता.

मग तपासणी. एअर फिल्टरकडून टर्बोत जाणारा पाईप सोडवून टर्बोच्या तोंडाला रबरी बूच क्लिपने आवळलं आणि त्यातल्या व्हॉल्व्हमधून कॉम्प्रेसरची हवा सोडली, रेग्युलेटरवर एक बारच्या आत ठेवून. इथे हात सांभाळावा लागतो. साठ मिलिमीटर व्यासाच्या बुचावर एक बार दाब म्हणजे जवळपास 28 किलोचा धक्का. बूच निसटलं तर दगडासारखं येतं, म्हणून त्याच्यासमोर तोंड नेऊन कुणी वाकत नाही. हाच जोर दर सांध्यावर असतो. पन्नास मिलिमीटरच्या होज पाईपला त्याच्या नळीवरून उतरवायला 20 किलोचा रेटा लागलेला असतो आणि त्याला धरून ठेवते ती एक पत्र्याची क्लिप.

साबणाचं पाणी मारायच्या आधीच जागा दिसली. इंटरकूलरमधून इंजिनाकडे जाणाऱ्या होजच्या वाकणाखाली तेलकट धुळीचा काळा, ओला पट्टा होता. टर्बोतून हवेबरोबर तेलाची वाफ थोडी येतेच. ती गळतीतून बाहेर पडते, तिच्यावर रस्त्याची धूळ बसते आणि चोराच्या पावलांचा ठसा तयार होतो. होज हाताने दाबला तर चीर दिसेना. दाब चढल्यावर मात्र क्लिपच्या कडेलाच एक ओठ उघडला, सुमारे 30 मिलिमीटर लांब आणि 3 मिलिमीटर रुंद.

एवढीशी फट, तिच्यातून किती हवा जाणार? पाईपच्या आतला दाब बाहेरच्या सुमारे 1.9 पट झाला की फटीतून निघणारी हवा आवाजाच्या वेगाला पोहोचते. त्याहून जोरात ती जाऊ शकत नाही, पण हा वेगच ताशी बाराशे किलोमीटरचा आहे. शिट्टी वाजते ती त्याने. घाटातल्या दाबावर हा वेग अगदी जवळच असतो. फटीचं क्षेत्रफळ आणि हा वेग धरून हिशेब केला तर सेकंदाला 20 ते 25 लिटर हवा बाहेर सांडत होती. इंजिनाला लागतात 100. बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी चीर, आणि पाव हिस्सा हवा रस्त्यावर!

नुकसान तिथे संपत नाही. कंप्युटर हरवलेला दाब भरून काढायला टर्बोला आणखी पळवतो. 1 लाख 80 हजारांचे दोन लाख झाले, तर वेग अकरा टक्क्यांनीच वाढतो. पण फिरणाऱ्या चाकावरचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून आठ क्विंटलांचे जवळपास दहा होतात. शेकड्यात येणाऱ्या होजची चीर महिनोन्‌महिने चालवली, तर चांगला टर्बोही खरोखरच जातो. नवा टर्बो चढवून चीर तशीच ठेवली, तर नव्याचीही गत तीच.

होज काढलाच होता, म्हणून इंटरकूलरही पाहिला. हवा दुपटीने दाबली की ती तापते. बाहेर 44 अंश असताना टर्बोतून निघणारी हवा 140 अंशांच्या आसपास असते. इंटरकूलर तिला सत्तरच्या घरात आणतो. म्हणजे जवळपास आठ किलोवॉट उष्णता, दोन-दोन किलोवॉटचे चार गिझर पेटवल्यासारखी, तो बाहेरच्या वाऱ्यात सोडून देतो. त्या थंडाव्याने त्याच पाईपात पाचव्या हिश्शाहून जास्त हवा मावते. आपल्या भागात त्याच्या पंखांवर चिखल, किडे आणि पऱ्हाटीचा बारीक कापूस नमद्यासारखा चिकटतो. वारा शिरेनासा होऊन आतली हवा 110 अंशांवरच राहिली तर दहा-अकरा टक्के हवा कमी झाली, कुठेही चीर नसताना. या गाडीचे पंख अर्धे बुजलेले होते. ते मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुतले. जोराच्या पाण्याने पंख आडवे होतात, मग वाट कायमची बंद.

काढून तिरका धरल्यावर इंटरकूलरच्या आतून अर्धी वाटी काळं तेल निघालं. त्याला रॉकेलने खळबळून, हवा मारून, उन्हात पूर्ण सुकवूनच परत बसवला. घाई करणाऱ्याला मिस्त्री ठामपणे नाही म्हणाले, आणि ते बरोबर होते. आत राहिलेलं तेल किंवा रॉकेल दाबाबरोबर इंजिनात गेलं तर ते इंधन म्हणूनच जळतं. चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, फेरे वाढतच जातात.

हे तेल आलं कुठून, हा प्रश्न उरला होता. थंड टर्बोच्या चाकाला बोट लावून शाफ्ट हलवला. आडवा थोडा हलला. तेलावर तरंगणाऱ्या बुशीत तेवढं चालतं, त्याला घाबरून टर्बो बदलायचा नसतो. पाहायचं असतं ते पुढे-मागे. तिथे खेळ मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून कमीच असायला हवा, बोटाला जेमतेम कळेल न कळेल इतका. ब्लेडच्या टोकांवर घासल्याची चकाकी नव्हती. टर्बो शाबूत होता. तेल इंजिनाच्या ब्रीदर पाईपमधून येत होतं, आणि हिवाळ्याच्या आत इंजिनाचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, असं मिस्त्रींनी मालकाला सांगितलं.

नवा होज, दोन नव्या क्लिपा, धुतलेला इंटरकूलर. संध्याकाळी तेवढंच वजन भरून परतवाड्यापुढच्या चढावर स्कॅनर पुन्हा लावला. मागणी 2000, मिळत होते 1980. ड्रायव्हर तिसऱ्या गिअरात होता आणि काच खाली करून कान बाहेर काढून बसला होता.

"शिट्टी?"

"आता बारीक आहे. पयले होती तशीच."