एका रुग्णाच्या तीन फायली

समजा, एका मोठ्या रुग्णालयात एकाच बाईंच्या नावाने तीन नोंदी आहेत. पहिली २०१४ची. मनगट मोडले म्हणून त्यांना अपघात विभागात आणले, सोबतच्या नातेवाइकाने वय ४७ सांगितले आणि कॉम्प्युटरने जन्मतारीख भरली १ जानेवारी १९६७. दुसरी नोंद २०१८ची, माहेरच्या नावाने, कारण पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला दिला होता. त्यावर जन्मतारीख १ जून १९६६. तिसरी २०२३ची, आधार कार्डावरून केलेली, आणि तिच्यात तारीख ६ जानेवारी १९६६.

तिन्ही नोंदींना वेगवेगळे रुग्ण क्रमांक आहेत. डॉक्टर एक क्रमांक उघडतात तेव्हा उरलेल्या दोन नोंदींतले त्यांना काहीच दिसत नाही. म्हणून रुग्णालयाचा नोंदी विभाग अशा जोड्या शोधून एकत्र करतो. हे काम ऐकायला कारकुनी वाटते, पण त्यातल्या प्रत्येक विसंगतीचा निर्णय निराळ्या नियमाने लागतो.

सगळ्यात आधी ठरवायचे ते हे, की या तिघी एकच आहेत का. आपल्याकडे हे अवघड असते, कारण लग्नानंतर बाईंच्या नावात वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव येते आणि आडनावही बदलते. उरते फक्त पहिले नाव, आणि तेही इंग्रजीत एकदा Sangita, एकदा Sangeeta असे लिहिलेले. मोबाइल नंबर जुळला तरी तो मुलाचा असू शकतो आणि त्यावर घरातल्या चौघांच्या नोंदी असू शकतात.

नोंदी जुळवण्याच्या शास्त्राचा पाया फेलेगी आणि सन्टर या दोघांनी १९६९ साली एका निबंधात घातला. त्यांचे म्हणणे असे, की जुळणाऱ्या प्रत्येक गोष्टीला सारखे वजन देऊ नये. हजारोंमध्ये आढळणारी गोष्ट जुळली तर फारसे काही सिद्ध होत नाही. विरळा गोष्ट जुळली तर बरेच काही होते. आपल्या जन्मतारखांना हे चपखल लागू पडते. नुसते वय किंवा साल माहीत असेल तर कॉम्प्युटर १ जानेवारी भरतो. महाराष्ट्रात पूर्वी शाळेत नाव घालताना खरी तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहीत. म्हणून या दोन तारखा असंख्य लोकांच्या नावावर आहेत, आणि त्या जुळल्या म्हणून दोन माणसे एक ठरत नाहीत.

शंका असेल तिथे शरीराचाच पुरावा पाहतात. आपल्या उदाहरणात २०१४ साली मनगटात बसवलेली धातूची पट्टी २०२३च्या एक्स-रेमध्ये त्याच जागी दिसते आणि तिन्ही ठिकाणी रक्तगट एकच आहे. उलट रक्तगट वेगळा निघाला, किंवा अपेंडिक्स काढल्याची नोंद असूनही नंतरच्या तपासणीत ते दिसले, तर तिथेच थांबायचे. दोन माणसे एका नोंदीत मिसळणे हे एका माणसाच्या दोन नोंदी राहण्यापेक्षा अधिक घातक आहे, कारण तेव्हा एकाचा रक्तगट किंवा निदान दुसऱ्याच्या उपचारात शिरते.

ओळख पटली की जन्मतारीख. इथे शेवटी एकच तारीख ठेवावी लागते, पण ती बहुमताने ठरत नाही. प्रत्येक तारीख आली कुठून, हे विचारायचे. १ जानेवारी १९६७ ही कोणीही सांगितलेली तारीख नाही. २०१४मधून ४७ वजा करून कॉम्प्युटरने ती काढली आहे. ६ जानेवारीचा उलगडा आधार कार्डाची प्रत पाहिली की होतो. कार्डावर 01/06/1966 आहे आणि टाइप करणाऱ्याने दिवस-महिना उलटा घातला. राहिली १ जून १९६६. दाखला आणि आधार दोन्हींवर ती आहे, म्हणून ओळखीसाठी तीच धरायची. मात्र ती गुरुजींनी लिहिलेली असण्याची शक्यता उरतेच, म्हणून तारखेशेजारी तिचा पुरावाही नोंदवायचा. साठीच्या आसपासच्या बाईंच्या औषधोपचारात काही महिन्यांचा फरक सहसा अडत नाही. नवजात बाळाची कावीळ मात्र किती तासांच्या वयाला दिसली यावर उपचार ठरतात. तिथे एका दिवसाची चूकही चालत नाही.

ॲलर्जीचा नियम याच्या उलटा आहे. २०१४च्या नोंदीत ॲलर्जीचा रकाना कोरा आहे. २०१८च्या नोंदीत लिहिले आहे, की ॲमॉक्सिसिलिनची गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात अंगावर गांधी उठल्या आणि ओठ सुजले. २०२३मध्ये ‘ॲलर्जी नाही’ यावर खूण आहे. सर्वांत ताजी नोंद खरी मानायची असे ठरवले तर नेमकी धोक्याची सूचनाच पुसली जाईल. कोरा रकाना म्हणजे विचारलेच नाही, आणि ‘नाही’ची खूण घाईत केलेली असू शकते. म्हणून औषध, लक्षणे आणि वेळ यांसह लिहिलेली ॲलर्जी टिकते आणि ‘नाही’ मागे पडते.

मग समजा कोणी दाखवले, की २०१४मध्ये याच बाईंना पेनिसिलिन गटातले इंजेक्शन दिले होते आणि काही झाले नव्हते. त्याने ॲलर्जी खोटी ठरत नाही. शरीर आधी त्या औषधाला ओळखते आणि नंतरच्या खेपेला त्यावर उठते. तेच औषध २०१८ नंतर दिले गेले असते आणि सोसले असते, तर प्रश्न पुन्हा उघडला असता. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याची नोंद असलेल्या बहुतेकांना तपासणीनंतर ते चालते, हेही खरे आहे. पण तो निर्णय तपासणी करून डॉक्टरांनी घ्यायचा. तेव्हाही जुनी नोंद पुसायची नाही. ती खोडून काढल्याची तारीख आणि कारण शेजारी लिहायचे.

निदानाचा गुंता सर्वांत अवघड. २०१८मध्ये बाईंना टाइप २ मधुमेह आहे, २०२३मध्ये टाइप १. आंतरराष्ट्रीय रोगसूचीच्या दहाव्या आवृत्तीत टाइप १चा संकेत E10 आणि टाइप २चा E11, अगदी शेजारी शेजारी. २०२३मध्ये न्यूमोनियासाठी भरती असताना त्यांना इन्सुलिन दिले होते आणि इन्सुलिन दिसले की टाइप १ लिहिले जाणे, ही नेहमीची चूक. बावन्नाव्या वर्षी निदान आणि पुढे पाच वर्षे गोळ्यांवर साखर ताब्यात, हे टाइप २कडे झुकते. तरीही नोंदी विभागाने स्वतःहून टाइप १ खोडायचे नाही. खरोखर टाइप १ असलेल्याचे इन्सुलिन थांबले तर जीव जाऊ शकतो. दोन्ही निदाने तारीख आणि डॉक्टरांच्या नावासह, ‘निर्णय बाकी’ असे लिहून ठेवायची. मधुमेहाचे डॉक्टर गरज पडल्यास सी-पेप्टाइड आणि अँटिबॉडी तपासून निकाल देतील. २०१४च्या कागदावर ‘दमा?’ असेही आहे. ते प्रश्नचिन्ह तसेच राहिले पाहिजे. एकत्र करताना ते गळाले तर शंकेचे निदान होते आणि पुढची दहा वर्षे ते फायलीतून फायलीत जाते.

शेवटी एक क्रमांक चालू राहतो आणि उरलेले दोन त्याकडे बोट दाखवतात. ते नष्ट करत नाहीत, कारण जुन्या क्रमांकाचा रिपोर्ट प्रयोगशाळेतून अजून यायचा असू शकतो. कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे काय बदलले याची नोंद राहते, म्हणजे जुळवणी चुकीची निघाली तर नोंदी पुन्हा वेगळ्या करता येतात. मात्र मधल्या काळात नव्या क्रमांकावर लिहिलेले कोणते औषध कोणाचे, हे तेव्हा एकेक ओळ वाचूनच ठरवावे लागते.

इतके करूनही एक गोष्ट कागदावरून कळत नाही: २०१८मध्ये सुजलेल्या ओठांबद्दल २०२३मध्ये बाईंना खरोखर विचारले होते का. म्हणून एकत्र केलेली नोंद पुढच्या भेटीत त्यांना वाचून दाखवावी लागते. आपणही पूर्वी त्या रुग्णालयात गेलो असू तर केसपेपर काढताना जुने नाव, जुना क्रमांक आणि कोणत्या औषधाने नेमके काय झाले होते हे सांगावे. चौथी नोंद त्या खिडकीवरच टळते.