हरतालिका : एक तृतीया, तीन रीती

भाद्रपद शुद्ध तृतीयेला सरावली-बोईसर पट्ट्यातल्या चाळींत एकाच उपासाच्या निरनिराळ्या रीती शेजारी शेजारी दिसतात. मराठी घरांत सुवासिनी आणि कुमारिका वाळूची पिंड करून पत्री वाहतात. शिजवलेलं अन्न वर्ज्य असतं, फळं चालतात. उपास दुसऱ्या दिवशी, गणेश चतुर्थीला सुटतो. कारखान्यांच्या कामानिमित्त आलेल्या उत्तर प्रदेश-बिहारच्या कुटुंबांत हीच तीज बहुधा निर्जळ असते. पाणी पारण्याच्या सकाळीच. गुजराती घरांत हिला केवडा त्रीज म्हणतात आणि दिवसभर केवड्याचा वास घेतात.

सर्वांत कठीण निर्जळ उपास. दमट हवेत पाळीवर उभं राहून काम केलं तर घामावाटे गेलेलं पाणी भरून निघत नाही. लघवी गडद आणि कमी होणं, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणं ही पाणी घ्यायची वेळ झाल्याची खूण. गरोदर, स्तनदा आणि मूत्रपिंडाचे विकार असलेल्या बायकांनी निर्जळ राहूच नये.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्रा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी. थरथर, थंड घाम, गोंधळ जाणवला आणि साखर ७० मिलीग्रॅमखाली असली, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावं.

काही घरांत रात्री रुईच्या पानावरचं तूप चाटतात. रुईचा चीक विषारी असतो, डोळ्यांना इजा करतो. तूप वाटीतून घ्यावं.