पोलादी पट्टीचा बाक : मोजलेला आणि गणिताने काढलेला

दोन टेकूंवर पोलादी पट्टी ठेवायची, मधोमध वजन टांगायचे आणि ती किती वाकली ते खाली लावलेल्या डायल गेजवर वाचायचे, एवढाच हा प्रयोग. गणिताने येणारा बाक δ = PL³/48EI या सूत्रातून मिळतो. P म्हणजे भार, L टेकूंमधले अंतर, E पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक. I आडव्या छेदावर अवलंबून असतो आणि जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. मोजलेला बाक सूत्राशी तंतोतंत जुळत नाही, आणि जर्नलच्या निष्कर्षात बहुधा ‘मानवी चुकीमुळे फरक आला’ असे लिहून विषय संपवला जातो. त्या वाक्यातून काहीच कळत नाही.

समजा, पट्टी २५ मिमी रुंद आणि ६ मिमी जाड आहे, टेकूंमध्ये ६०० मिमी अंतर आहे. E २०० गिगापास्कल धरला तर दर १० न्यूटनला ०.५० मिमी बाक यायला हवा. डायल मात्र १० न्यूटनला ०.६१ आणि ५० न्यूटनला २.७३ मिमी दाखवते. म्हणजे पहिल्या भाराला फरक २२ टक्के, शेवटच्या भाराला ९ टक्के. भार वाढताना टक्केवारी घटते, याचा अर्थ काही फरक कायम तेवढाच राहतो. भार आणि बाक यांचा आलेख काढला की तो स्पष्ट दिसतो. बिंदू सरळ रेषेत येतात, पण रेषा शून्यातून न जाता ०.०८ मिमीवरून सुरू होते आणि दर १० न्यूटनला ०.५३ मिमी चढते.

हे ०.०८ मिमी दोन कारणांनी येऊ शकतात. एक तर पट्टी टेकूंवर नीट बसलेली नसते आणि पहिल्या भाराखाली बसते. नाहीतर वजनांचा हँगर अडकवण्याआधीच डायल शून्यावर आणलेली असते आणि हँगरचे वजन हिशेबात धरायचे राहते. हँगरसकट सगळे उतरवून पाहावे. काटा शून्यावर आला तर दोष हँगरचा, ०.०८ वरच थांबला तर बैठकीचा. पट्टी कायमची वाकल्याची शंका इथे टिकत नाही, कारण ५० न्यूटनला ताण जेमतेम ५० मेगापास्कल येतो आणि साधे पोलाद सुमारे २५० पर्यंत पूर्ववत होते.

उताराचा ६ टक्के फरक उरतो. E कडे बोट दाखवून उपयोग नाही. तो २१० धरला तर गणिताचा बाक कमी होऊन तफावत उलट वाढते. मायक्रोमीटरने जाडी मोजली आणि ती ५.८८ मिमी भरली, तर कोडे सुटते. दोन टक्क्यांची तूट घनामुळे सहा टक्के होते आणि नवा गणिती उतार ०.५३ येतो.

तेव्हा निष्कर्षात असे लिहावे : मोजलेल्या जाडीने काढलेला उतार प्रयोगाशी जुळतो, उरलेले ०.०८ मिमी प्रत्येक भाराला सारखेच असून डायल शून्यावर न परतल्याने ते बैठकीचे ठरतात. पुढच्या वेळी थोडा भार देऊन, पट्टी बसवून मगच डायल शून्यावर आणावी.